मुदत चुकलेल्या बाईंची कथा कशी लिहावी: पहिल्यांदा कथा लिहिणाऱ्यांसाठी

ही कथा एका ओळीत सांगता येते. गणिताच्या निवृत्त शिक्षिकेला एक नोटीस येते, ती वाचताना त्यांच्याकडून मुदतीचा घोळ होतो, आणि शेजारच्या आजोबांची नात तो घोळ लक्षात आणून देते. एवढं सोपं कथाबीज हातात असूनही मला ही कथा चार वेळा लिहावी लागली. पहिला खर्डा 4,200 शब्दांचा होता, शेवटचा 1,900 शब्दांचा.

पहिला खर्डा मी एका मासिकाकडे पाठवला. तो परत आला तेव्हा समासात संपादकांच्या अक्षरात एकच प्रश्न होता: "24 तारीख कुठून आली?" मला उत्तर देता येईना. बाईंची चूक हा कथेचा कणा होता आणि ती नेमकी काय चूक आहे हे मीच ठरवलेलं नव्हतं. "बाई तारीख चुकल्या" एवढ्यावर मी भागवलं होतं.

अशी कथा लिहायला बसला असाल, तर मी कुठे कुठे अडलो ते क्रमाने सांगतो. तुमची नोटीस वेगळी असेल, शिक्षक वेगळे असतील. पण अडण्याच्या जागा बहुधा याच.

बसण्याआधी जवळ काय हवं

- नोटिशीचा पूर्ण मजकूर, वेगळ्या कागदावर
- एका महिन्याचं कॅलेंडर, वारांसह (हातानं आखलेलं चालेल)
- शिक्षिकेने कोणत्या कार्यालयात काय काय न्यायचं याची यादी
- दोन वाचक, ज्यांना कथेबद्दल आधी काहीही सांगितलेलं नाही

## 1. आधी नोटीस लिहा

कथेचं पहिलं वाक्य सुचत असेल तरी थांबा. नोटीस अख्खी लिहून काढा, अगदी जावक क्रमांकासकट. माझी नोटीस शेवटी अशी ठरली:

> जा.क्र. 412, दिनांक 3
>
> विषय : सेवापुस्तकातील नाव व बँक खात्यावरील नाव यांतील तफावतीबाबत.
>
> उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या सेवापुस्तकातील नाव व निवृत्तिवेतन जमा होत असलेल्या बँक खात्यावरील नाव यांत तफावत आढळून आली आहे. तरी आपण याबाबतचा लेखी खुलासा आवश्यक कागदपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रतींसह सदर पत्राच्या दिनांकापासून पंधरा दिवसांच्या आत या कार्यालयात समक्ष सादर करावा. विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास पुढील महिन्यापासूनचे निवृत्तिवेतन स्थगित ठेवण्यात येईल, याची नोंद घ्यावी.

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द पुढे कामाला येतो, म्हणून थोडं थांबून बघू.

"समक्ष" हा शब्द नसता तर बाईंनी खुलासा टपालाने किंवा ईमेलने पाठवला असता आणि कथा दोन पानांत आटोपली असती. "स्थगित" हा शब्दही जाणीवपूर्वक आहे. आधी मी "बंद करण्यात येईल" लिहिलं होतं. त्याने बाईंचं सगळं आयुष्य टांगणीला लागलं आणि कथेचा सूर रडका झाला. स्थगित वेतन पुढे सुरू होऊ शकतं, पण मधले महिने ओढाताणीचे जातात. या कथेला तेवढी भीती पुरते.

आणि नोटीस स्पष्ट हवी. ती संदिग्ध ठेवण्याचा मोह होतो, कारण चूक घडवणं सोपं जातं. पण मग दोष कार्यालयाकडे जातो, वाचक कार्यालयावर चिडतो आणि बाई बाजूला पडतात. इथे नीट वाचणाऱ्याला मुदत कळलीच पाहिजे. "सदर पत्राच्या दिनांकापासून" यात शंकेला जागा नाही.

मुदत अक्षरात लिहिली आहे, आकड्यात नाही. लांबलचक वाक्यात "पंधरा दिवसांच्या आत" हे तीन शब्दच डोळ्यांत भरतात. त्यांच्या आधीचे तीन शब्द, "सदर पत्राच्या दिनांकापासून", आपण सगळेच सरकारी भाषेतलं पालुपद समजून ओलांडून जातो. बाईही तशाच गेल्या.

## 2. कॅलेंडरवर तारखा बसवा

संपादकांचा प्रश्न आल्यावर मी हे केलं. आधी केलं असतं तर तीन महिने वाचले असते.

- गुरुवार 3 : पत्रावरची तारीख
- शनिवार 5 : पाकिटावरचा टपालाचा शिक्का
- बुधवार 9 : पत्र बाईंच्या हातात
- बुधवार 16 : संध्याकाळी चूक लक्षात येते
- गुरुवार 17 : बाई कार्यालयात जातात

बाईंनी 9 पासून 15 दिवस मोजले. मिळालेला दिवस सोडला, दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली, उत्तर आलं 24. गणित अचूक आहे. फक्त सुरुवातीचा आकडा भलता धरला. खरी मुदत 3 पासून मोजायची. पत्राचा दिवस सोडला तर 18 येते, पत्राचा दिवसही धरला तर 17.

17 की 18 हा घोळ मला आधी त्रासदायक वाटला. बहुतेक ठिकाणी पहिला दिवस सोडून मोजतात, म्हणजे 18 बरोबर. पण बाईंना त्या कार्यालयाची पद्धत माहीत नाही, आणि विचारायला आता वेळही नाही. मग लक्षात आलं की हा घोळ कथेला हवाच आहे. आठवड्यापूर्वी बेधडक 24 लिहिणारी बाई आता दोन उत्तरांतलं अलीकडचं निवडते. त्यांच्यात काय बदललं हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही.

इथला सापळा: वार. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात बाई रविवारी कार्यालयात जाऊन खुलासा देऊन आल्या होत्या. मी तारखा बदलल्या होत्या, वार बदलले नव्हते. तारीख हाच ज्या कथेचा विषय, तिथे असली चूक वाचक माफ करत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

दुसरा सापळा म्हणजे "कामकाजाचे दिवस". मुदत कामकाजाच्या दिवसांत दिली तर शनिवार-रविवार, सुट्ट्या सगळं मोजावं लागतं आणि वाचकही कथा सोडून बोटं मोजू लागतो. एक खर्डा मी तसा केला होता. टाकून दिला.

## 3. चूक कुठून येते ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. माझ्या मते कथा जमते किंवा फसते ती इथेच.

पहिल्या खर्ड्यात बाईंचा चष्मा फुटला होता. दुसऱ्यात त्या विसराळू होत्या. दोन्ही वेळा लिहिताना मला काहीच जाणवलं नाही, वाचताना मात्र कसंतरीच झालं. चष्मा फुटला असेल तर ही चष्म्याची गोष्ट झाली. दुरुस्त केला की संपली. विसरभोळेपणा दाखवला तर म्हातारपणाची कीव येते, आणि एकदा कीव आली की बाईंबद्दल दुसरं काही वाटायला जागा उरत नाही.

चूक बाईंच्या दुबळेपणातून नको, त्यांच्या सवयीतून आली पाहिजे. तीही अशा सवयीतून, जी आयुष्यभर बरोबर ठरली.

हे मला बराच काळ सापडलं नाही. मग मी बाईंच्या नोकरीचा विचार करू लागलो. शिकवण्याचा नाही, त्याबद्दल सगळेच लिहितात. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचा. घंटा होते, प्रश्नपत्रिका वाटल्या जातात, आणि वेळ सुरू होते ती कागद हातात पडल्यावर. कागद कधी छापला, कुठल्या तारखेला मोहोरबंद झाला, याच्याशी मुलांना काही देणंघेणं नसतं. एखाद्या मुलाला पत्रिका दहा मिनिटं उशिरा मिळाली तर चांगली शिक्षिका भांडून त्याला दहा मिनिटं वाढवून देते. बाईंनी 34 वर्षं हेच केलं. मुदत म्हणजे कागद हातात आल्यापासूनची मुदत, हे त्यांच्या अंगात मुरलंय. शिवाय न्यायाचंही तेच आहे.

म्हणून पत्र हातात आल्या दिवसापासून त्या मोजतात. त्यांना दुसरं काही सुचतच नाही.

आता हे वाचकाला सांगायचं कसं? सांगायचंच नाही. "बाईंना परीक्षेची सवय असल्याने" असं वाक्य लिहिलंत की सगळं वाया. मी एवढंच केलं: शेजारची ओवी बाईंकडे रोज गणित करायला येते. बाई तिला उदाहरणांचा कागद देतात, आणि देताना कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वेळ लिहितात: "5.10 ते 5.40". कथेच्या दुसऱ्याच परिच्छेदात हे येऊन जातं. चौथ्या परिच्छेदात नोटीस येते. बाई ती दारातच उभ्यानं वाचतात, आत येऊन कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितात: "9 ते 24". आणि कागद चिमट्याला लावून ठेवतात.

त्यानंतर बाई नोटीस पुन्हा वाचत नाहीत, फक्त तो कोपरा वाचतात. प्रत्यक्षातही बहुतेक मुदती अशाच चुकतात, असं मला वाटतं. आपण एकदाच वाचतो, त्याची आपली एक टीप करतो, आणि पुढे टिपेवर विसंबतो. टीप चुकीची असली तरी अक्षर आपलंच असतं, म्हणून शंका येत नाही.

## 4. नात कशी आणायची

नात ही मदतीला आलेली देवदूत नको. पहिल्या खर्ड्यात माझी ओवी नोटीस बघताक्षणी फोन काढते, दोन मिनिटांत नियम शोधते आणि बाईंना समजावून सांगते. वाचायला चुरचुरीत वाटतं. पण नवी पिढी हुशार, जुनी पिढी भांबावलेली, एवढाच त्याचा अर्थ निघतो, आणि तो तर कथेविनाही सगळ्यांना माहीत आहे.

तीन गोष्टी बदलल्यावर ती जिवंत झाली.

तिचं वय मी 15 वरून 11 वर आणलं. पंधरा वर्षांच्या मुलीला "सदर" म्हणजे काय हे माहीत असतं किंवा ती माहीत असल्याचं दाखवते. अकरा वर्षांची मुलगी विचारते.

ती बाईंना "आजी" म्हणत नाही, "बाई" म्हणते. तिची आई बाईंची विद्यार्थिनी होती, घरात कायम "बाईंकडे जा", "बाईंना विचार" असंच ऐकलेलं. त्यामुळे तिच्या तोंडी लाडीगोडी येत नाही, थोडं अंतर राहतं. शेजारच्या नातीने बाईंची चूक काढणं आणि वर्गातल्या मुलीने काढणं यांत फरक आहे, आणि इथे दोन्ही एकाच मुलीत आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ती चूक दाखवत नाही. तिला खरोखर कळत नाही म्हणून ती विचारते. तो प्रसंग शेवटच्या खर्ड्यात असा आहे. तिला कच्च्या कामाला कागद हवा असतो, ती चिमट्यातला पाठकोरा कागद काढते.

> "ते नको गं, ते कामाचं आहे."
>
> ओवीने कागद उलटला होता. "बाई, याला पण तुम्ही वेळ लावलीय?"
>
> "हो मग. त्यांनी मला पंधरा दिवस दिलेत. कधी सुरू, कधी संपणार, ते लिहून ठेवलं."
>
> ओवी वाचू लागली. उदाहरण आधी मोठ्याने वाचायचं, हे बाईंनीच लावलेलं वळण. "सदर पत्राच्या... दिनांकापासून... पंधरा दिवसांच्या आत. सदर म्हणजे?"
>
> "सदर म्हणजे हे. हेच पत्र."
>
> "मग या पत्राचा दिनांक नऊ आहे?"
>
> बाईंनी हात पुढे केला, पण कागद घेतला नाही. "वर बघ. उजवीकडे."
>
> "तीन आहे."
>
> बाई काही बोलल्या नाहीत. ओवीला वाटलं आपण चुकीचं वाचलं. तिने पुन्हा वाचलं. "तीनच आहे, बाई."
>
> "पेन्सिल दे."

चूक बाईंनाच सापडते हे लक्षात घ्या. "सदर म्हणजे हेच पत्र" हा अर्थ त्याच सांगतात, वर बघायलाही त्याच सांगतात. ओवी फक्त वाचते. या आधीच्या खर्ड्यात ती म्हणाली होती, "बाई, तुम्ही चुकलात, तीनपासून मोजायचं होतं." त्या एका वाक्याने बाई ओशाळल्या आणि पुढची दोन पानं मला त्यांना सावरण्यात घालवावी लागली.

"हात पुढे केला, पण कागद घेतला नाही" या जागी पूर्वी "बाईंच्या पायाखालची जमीन सरकली" असं होतं. बरं झालं काढलं. जमीन सरकली की वाचक बाईंच्या भीतीकडे बघत बसतो. न घेतलेल्या कागदाकडे बघताना त्याला ती स्वतः शोधावी लागते.

याच प्रसंगाला जोडून मजेचा एक तुकडा आहे. बाई पेन्सिलीने 3 + 15 मांडतात. ओवी विचारते, "तीन धरायचा की सोडायचा?" बाई म्हणतात, "शंका आहे ना? मग धर." उत्तर येतं 17. आज 16. थोडा वेळ दोघी त्या बेरजेकडे बघतात आणि ओवी म्हणते, "पण बाई, रीत बरोबर होती. रीतीचे गुण मिळतील." हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते कथेच्या अगदी शेवटी टाकलं होतं. तिथे ते टाळी मागू लागलं. मध्ये आणल्यावर ते साधं, एका मुलीचं बोलणं राहिलं.

## 5. वाचकाला किती आधी कळू द्यायचं

माझं मत सरळ आहे: सगळं पहिल्या पानावर द्या. नोटिशीचा अख्खा मजकूर, वरची 3 तारीख, पत्र बुधवारी 9 ला आल्याचा उल्लेख, कोपऱ्यातलं "9 ते 24". काही लपवू नका.

भीती अशी वाटते की वाचक लगेच ओळखेल. काही ओळखतात. मी पाच जणांना कथा दिली, त्यातल्या दोघांनी नोटीस वाचतानाच ओळखलं. बाकीचे तिघं बाईंबरोबरच चुकले आणि ओवी "तीन आहे" म्हणाली तेव्हा पान मागे उलटून बघू लागले. मला दोन्ही हवं होतं. ज्याने ओळखलं तो पुढचं पानभर अस्वस्थ राहतो, कारण बाई निवांत आहेत. ज्याने नाही ओळखलं त्याला पानं उलटल्यावर कळतं की आपल्यापासून काहीही दडवलेलं नव्हतं.

फक्त एक युक्ती करा. तारीख आणि मुदतीचं वाक्य लगोलग ठेवू नका. माझ्या नोटिशीत मधे विषय आहे आणि तफावतीबद्दलचं एक कंटाळवाणं वाक्य आहे. ते वाक्य कंटाळवाणं असणं गरजेचं आहे. त्याला चटपटीत करू नका.

## 6. दुसऱ्या दिवसाची धावपळ आखडती घ्या

चूक उमगल्यावर लेखकाला पळापळ लिहावीशी वाटते. माझ्या पहिल्या खर्ड्यात यात 1,500 शब्द गेले होते: झेरॉक्सचं दुकान बंद, रिक्षा मिळेना, पाऊस. आता 300 आहेत.

बाईंची यादी मात्र खरी असू द्या, कारण ती बाईंच्या स्वभावाची आहे. ओवी मोठ्याने वाचते, बाई कागद लावतात:

- खुलाशाचं पत्र, दोन प्रती
- नोटिशीची प्रत
- सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत (माहेरचं नाव)
- विवाह नोंदणी दाखल्याची प्रत
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत (सासरचं नाव)
- ओळखपत्र
- या सगळ्याचे मूळ कागद, वेगळ्या पिशवीत

ही यादी तफावतीचं कारणही सांगून जाते: लग्नानंतर नाव बदललं, एका ठिकाणी नोंद झाली, दुसऱ्या ठिकाणी राहिली. त्यासाठी वेगळा परिच्छेद लिहू नका.

नोटिशीत आधी मी नुसतं "साक्षांकित प्रती" लिहिलं होतं. मग प्रतींवर सही-शिक्का देणारा अधिकारी शोधणं आलं, रात्रीत तो मिळणार कुठे हे आलं, आणि कथा भलतीकडे गेली. "स्वसाक्षांकित" केल्यावर बाई स्वतः सही करून मोकळ्या झाल्या. तुमची कथा कुठे अशी ओढली जात असेल, तर मागे जाऊन नोटिशीतला शब्द बदला. पुढे पानं वाढवण्यापेक्षा ते बरं.

ओवी कार्यालयात जात नाही. गुरुवार आहे, तिची शाळा आहे. मला तिला न्यायचं फार मनात होतं, पण तिचं काम आदल्या संध्याकाळी संपलंय. आजोबा रिक्षाच्या पायरीपर्यंत पिशवी आणून देतात, तेवढंच.

कार्यालयात एकच अडथळा ठेवा. माझ्या कथेत खिडकीवरचा लिपिक कागद घेतो, चाळतो आणि म्हणतो, "ठेवा, बघतो." कागद दिल्याने काम झालं असं ज्यांना वाटतं ते इथून घरी जातात, आणि पुढे कधी वाद झाला तर 17 तारखेला आपण आलो होतो हे दाखवायला त्यांच्या हातात काही नसतं. बाई जात नाहीत. खुलाशाची दुसरी प्रत पुढे सरकवतात: "ही माझी. यावर पोच द्या. शिक्का, सही आणि तारीख." लिपिक मान वर करून बघतो आणि देतो. कालपर्यंत मुदत चुकलेली ही बाई आज एकही पायरी सोडत नाही, हे या दोन वाक्यांत येतं.

आणि तो सापळा: खिडकीमागचा साहेब बाईंचा जुना विद्यार्थी निघणं. मीही काढला होता. तो उठून उभा राहतो, वाकून नमस्कार करतो, "बाई, तुम्ही कशाला आलात, मी केलं असतं" म्हणतो. डोळ्यांत पाणी येतं, नाही असं नाही. पण मग मुदतीला काहीच अर्थ उरत नाही. 24 ला गेल्या असत्या तरी त्याने करूनच दिलं असतं. ओवीची मदतही फुकट जाते. शिक्षकाच्या कथेत हा विद्यार्थी दार ठोठावतोच. उघडू नका.

## 7. शेवट

चार शेवट लिहिले. आभार मानणाऱ्या बाई, चॉकलेट मिळालेली ओवी, बाईंचं मनोगत. चौथा राहिला.

बाईंनी नोटिशीची प्रत काढली तेव्हा कोपऱ्यातलं पेन्सिलीचं लिखाणही तिच्यात उतरलं. "9 ते 24" वर एक आडवी रेघ, खाली 3 + 15, त्याखाली 17. लिपिक पोच देताना ते बघतो.

> "हे काय लिहिलंय?"
>
> "कच्चं काम," बाई म्हणाल्या. "राहू दे तिथेच."

इथे कथा थांबते. पुढे निवृत्तिवेतनाचं काय झालं हे दोन वाचकांनी विचारलं. मी सांगितलं नाही. मुदतीत पोच मिळाली आहे, नाव बदलाचा पुरावा जोडला आहे. ज्याला अंदाज करायचा तो करू शकतो.

रेघ मारणं आणि खोडरबराने पुसणं यातही मी बराच वेळ घातला. शिक्षक उत्तरपत्रिकेतलं चुकलेलं उत्तर पुसत नाहीत, त्यावर रेघ मारतात, म्हणजे काय चुकलं ते दिसत राहतं. तुमच्या कथेतला शिक्षक भाषेचा असेल, चित्रकलेचा असेल, तर त्याची खूण वेगळी असेल. ती त्याच्या कामातूनच काढा.

## 8. पाठवण्याआधीची तपासणी

कथा दोन वाचकांना द्या, सोबत कोरा कागद आणि पेन्सिल द्या. वाचून झाल्यावर तीनच गोष्टी विचारा.

पत्र कधीचं, मिळालं कधी, मुदत कधीची? उत्तरं चुकली तर तारखा कथेत नीट रोवल्या गेल्या नाहीत. माझ्या तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी एकीने "5 तारखेचं पत्र" असं सांगितलं, कारण टपालाच्या शिक्क्याबद्दल मी गरजेपेक्षा जास्त लिहिलं होतं. तो शिक्का आता अर्ध्या वाक्यात आहे.

चूक कोणाला सापडली? वाचक "मुलीला" म्हणाला तर चौथ्या पायरीवरचा संवाद पुन्हा बघा. "दोघींना" म्हणाला तर हात लावू नका.

बाईंचं वय किती वाटलं? हा प्रश्न चमत्कारिक वाटेल, पण विचारा. मी कथेत वय कुठेही दिलेलं नाही. चष्म्याच्या खर्ड्याला उत्तर आलं होतं "ऐंशीच्या आसपास". शेवटच्याला एकाने सांगितलं, "साठ-बासष्ट, आणि अजून शिकवतात ना त्या?"